पडद्यावर रिकामी, दाराआड मुक्कामी

हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर तीन पाळ्या असतात आणि प्रत्येक पाळीला हॉटेल वेगळे दिसते. सकाळच्या पाळीला ते बाहेर पडणाऱ्या लोकांचे वाटते, दुपारच्या पाळीला आत येणाऱ्यांचे आणि रात्रीच्या पाळीला निव्वळ आकड्यांचे. दुपारचा एक सहकारी आजारी आणि रात्रीचा रजेवर, असा योग जुळून आल्यामुळे मला एकदा या तिन्ही पाळ्या सलग कराव्या लागल्या. त्या दिवशी ३१२ क्रमांकाच्या खोलीचे जे झाले, ते सुट्या सुट्या पाळ्यांत काम करणाऱ्या कोणालाही पूर्ण दिसले नसते.

आमच्याकडे ९७ खोल्या आहेत. त्या दिवशी एक खोली दुरुस्तीसाठी बंद म्हणून नोंदलेली होती, म्हणजे विकण्याजोग्या ९६. आदल्या रात्री त्यांपैकी ९३ भरलेल्या होत्या. त्यांतल्या ५४ सुटणार होत्या, ३९ मुक्कामी राहणार होत्या आणि नवे चेक-इन ५७ होते. सुटणाऱ्या ५४ आणि आधीच तयार असलेल्या ३ मिळून बरोबर ५७ होतात. हॉटेल शेवटच्या खोलीपर्यंत भरलेले होते आणि हिशेबात चुकायला जागा उरलेली नव्हती.

चेक-आउट दुपारी १२ला आणि चेक-इन २ वाजता, या नियमामुळे मधले दोन तास आमच्या हातात असतात असे पाहुण्यांना वाटते. प्रत्यक्षात हिशेब निराळा असतो. सुटलेली खोली नव्याने लावायला साधारण ४० मिनिटे लागतात, मुक्कामी खोलीला २०. त्या दिवशी हाउसकीपिंगची सहाच माणसे हजर होती. सकाळी ८ ते १२ या वेळात त्यांनी मुक्कामी खोल्या आणि लवकर सुटलेल्या १७ खोल्या उरकल्या. आधीच्या ३ धरून दुपारी १२ला तयार खोल्या २० झाल्या. उरलेल्या ३७ खोल्यांपैकी बहुतेक ११ ते १२ या एका तासात रिकाम्या झाल्या, कारण सुटीच्या दिवशी कोणीही गरजेपेक्षा लवकर खोली सोडत नाही. सहा माणसे तासाला ९ खोल्या लावतात. म्हणजे २ वाजता ३८ खोल्या तयार, १९ पाहुणे लॉबीत, आणि शेवटची खोली ४ नंतर. ही रांग डेस्कवरच्या माणसाच्या संथपणामुळे लागत नाही. ती किती लांब होणार हे दुपारी १२लाच ठरलेले असते. आमच्या व्यवस्थापकांना हे गणित मी कागदावर मांडून दाखवले आहे. तरीही रांग दिसली की ते खाली येऊन आम्हालाच ‘जरा हात चालवा’ असे सांगतात.

अशा दिवशी लवकर सुटलेली खोली सोन्याच्या मोलाची असते. सकाळी ७ वाजता मी लॉगबुक उघडले तेव्हा त्यात रात्रपाळीची एक ओळ होती: ‘३१२ – ५:२० ला चेक-आउट, बिल चुकते.’ पडद्यावरही ३१२ ‘रिकामी, अस्वच्छ’ दिसत होती. ही खोली सर्वांत आधी लावून होईल असे धरून माझ्या सहकारी बाईंनी ती एका कुटुंबाला नेमून दिली. त्यांच्याबरोबर लहान मूल होते आणि त्यांनी लवकर खोली मिळावी अशी विनंती आधीच करून ठेवलेली होती.

ते कुटुंब साडेबाराच्या सुमारास आले. ३१२ अजून अस्वच्छच दिसत होती. अस्वच्छ खोलीत चेक-इन करायला गेल्यास प्रणाली सूचना दाखवते, पण अडवत नाही. बाईंनी ती सूचना ओलांडून चेक-इन केले, की-कार्ड दिले आणि ‘सामान ठेवून या, तोवर सफाई होईल’ असे सांगितले. हे नियमाला धरून नव्हते. मात्र समोर १४ जणांची रांग असताना आणि कडेवर मूल रडत असताना असे करणाऱ्याला आळशी म्हणणारा माणूस डेस्कवर कधी उभाच राहिलेला नसतो.

त्याच क्षणी उपाहारगृहातून फोन आला. सकाळच्या गर्दीत सह्या घेऊन बाजूला ठेवलेल्या चिठ्ठ्या तिथला कॅशियर आता संगणकावर चढवत होता. ‘३१२ चं बिल पोस्ट होत नाहीये, खोली बंद दाखवतेय,’ असे तो म्हणाला. चिठ्ठीवर वेळ काय आहे असे मी विचारले, तर ९:१०. पाच वीसला सोडलेल्या खोलीतील पाहुण्याने ९:१० ला नाश्ता केला होता. मी सामानवाहकाला हाक मारून ते कुटुंब लिफ्टपाशीच थांबवले.

इथे कुलपाविषयी थोडे सांगायला हवे. आमची कुलपे डेस्कच्या संगणकाशी जोडलेली नाहीत. कोणते कार्ड चालेल हे कुलूप स्वतःच कार्डावरच्या मजकुरावरून ठरवते. नव्या पाहुण्याचे कार्ड एकदा कुलपाला लावले की आधीच्या पाहुण्याची सगळी कार्डे बाद होतात. म्हणजे ते कुटुंब वर पोहोचले असते, तर ते झोपलेल्या परक्या माणसासमोर जाऊन उभे राहिले असतेच. शिवाय ती व्यक्ती पुढे खोलीबाहेर पडल्यावर स्वतःच्याच खोलीत परत जाऊ शकली नसती.

३१२ मध्ये दोन सहकारी एकत्र उतरलेले होते. आरक्षण एकाच्या नावावर आणि माणसे दोन. ज्यांच्या नावावर आरक्षण होते ते गृहस्थ पहाटे विमानासाठी निघाले, त्यांनी पूर्ण बिल भरले आणि आपले कार्ड दिले. त्यांच्या सहकारी बाई एक रात्र अधिक राहणार होत्या. ही गोष्ट आरक्षणाच्या शेऱ्यात स्पष्ट लिहिलेली होती, पण तो शेरा चेक-आउटच्या पडद्यावर दिसत नाही. तो पाहायला वेगळे पान उघडावे लागते. अशा वेळी एकाच खोलीवर दोघांची दोन आरक्षणे जोडून ठेवायची असतात, म्हणजे एक बंद केले तरी दुसरे चालू राहते. आरक्षण विभागाने तसे केले नव्हते. रात्रपाळीच्या मुलाने पाहिले ते इतकेच: बाकी शून्य, पाहुणा समोर उभा, टॅक्सी दारात.

त्याला एक खूण मात्र मिळत होती. कार्डे दोन दिलेली होती आणि परत एकच आले. पूर्वी धातूची किल्ली फळीवर टांगली जायची आणि रिकामा खिळा सगळ्यांना दिसायचा. प्लास्टिकचे कार्ड स्वस्त आहे, लोक ते खिशात घालून निघून जातात, म्हणून ते मोजायची सवय कोणालाच राहिलेली नाही.

दुसरी खूण हाउसकीपिंगकडे होती. मजल्यावरच्या सफाई करणाऱ्या बाईंनी ९:४० ला ३१२ समोर ‘डीएनडी, आत माणूस’ असे लिहिलेले होते. डीएनडी म्हणजे दारावर ‘व्यत्यय नको’ची खूण. डेस्क खोली रिकामी म्हणतो आणि हाउसकीपिंग भरलेली म्हणते, या विसंगतीला आमच्या धंद्यात ‘स्लीप’ म्हणतात. याच्या उलट, म्हणजे डेस्क भरलेली म्हणतो आणि खोली रिकामी निघते, त्याला ‘स्किप’. स्किपमध्ये पैसे बुडण्याचा धोका असल्यामुळे त्यावर सगळे धावतात. स्लीपकडे तितक्या तातडीने कोणी पाहत नाही. विसंगतींचा कागद १० वाजता डेस्कवर यायला हवा. त्या दिवशी माणसे कमी असल्याने पर्यवेक्षक बाई स्वतः खोल्या लावत होत्या, आणि तो कागद त्यांच्या ट्रॉलीवरच राहिला.

चुकीचे चेक-आउट आमच्या प्रणालीत त्याच हिशेबी दिवसात मागे घेता येते, पण खोलीत दुसऱ्याचे चेक-इन झालेले नसेल तरच. त्यामुळे आधी कुटुंबाचे चेक-इन रद्द केले, त्यांना नुकतीच तयार झालेली दुसरी खोली दिली, मग ३१२ परत चालू केली. दुसरी खोली ज्यांच्यासाठी ठेवलेली होती त्यांना तिसरी, असे करत सात जणांच्या खोल्या बदलल्या. हे संपते न संपते तोच ३ वाजले आणि पाळीबदल सुरू झाला. पाळ्या अर्धा तास एकमेकींवर येतात, म्हणून त्या वेळी डेस्कवर सर्वांत जास्त माणसे असतात असे तक्त्यात दिसते. खरे तर तेव्हा एक जण आपला गल्ला मोजून देत असतो, दुसरा तो मोजून घेत असतो, आणि पाहुण्यांकडे तोंड करून एकच माणूस उभा असतो. चेक-इनची सर्वांत मोठी लाट येते त्याच वेळी गल्ला मोजायचा, हे ज्याने ठरवले त्याने लॉबीकडे कधी वळून पाहिलेले नसावे.

संध्याकाळपर्यंत रांग ओसरली, पण हिशेब सुटला नव्हता. मुक्कामी आता ४०, येणारे ५७, आणि विकण्याजोग्या खोल्या ९६. एक पाहुणा जास्त होता. रात्री सव्वाअकराला तीन जण यायचे बाकी होते आणि खोल्या दोन होत्या. एखादा येणारच नाही, अशा आशेवर बहुतेक हॉटेले ही वेळ काढतात. न आल्यास नो-शो, आल्यास स्वखर्चाने दुसऱ्या हॉटेलात पाठवणी. तिघांपैकी एकाचे आरक्षण तीन रात्रींचे होते आणि विमान उशिरा पोहोचणार होते, तेव्हा त्याच्या न येण्याची आशा धरण्यात अर्थ नव्हता.

नाइट ऑडिट म्हणजे रात्री दिवसाचा हिशेब बंद करणे. ते सुरू करण्याआधी एकूण खोल्यांचा ताळा जुळवावा लागतो: भरलेल्या, रिकाम्या आणि बंद मिळून ९७ व्हायला हव्यात. बंद असलेल्या एका खोलीचे कारण शोधण्यासाठी मी देखभाल विभागाचा ट्रे उपसला. बेसिनखालची गळती दुरुस्त झाल्याची सही केलेली चिठ्ठी त्यात होती आणि तिच्यावर आदल्या दिवशीची संध्याकाळची वेळ होती. खोली दिवसभर चांगली होती. फक्त पडद्यावरची नोंद कोणी बदललेली नव्हती. रात्री हाउसकीपिंगचा एकच माणूस असतो. त्याने नळ आणि निचरा तपासून साडेबारापर्यंत ती खोली लावून दिली. तिन्ही पाहुणे आले, शेवटचे १:४० ला. ऑडिट २:१५ ला पूर्ण झाले आणि अहवालात ९७ पैकी ९७ असा आकडा आला. सकाळी त्याबद्दल व्यवस्थापकांनी सर्वांचे अभिनंदन केले, आणि त्याच बैठकीत रात्रपाळीच्या मुलाला लेखी ताकीद दिली.

ती ताकीद मला अजूनही पटलेली नाही. ३१२ चा शेरा, मजल्यावरचा कागद आणि गळतीची चिठ्ठी, तिन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या आणि तिन्ही योग्य माणसांनीच लिहिल्या होत्या. त्या ज्याने वाचायच्या त्याच्याकडे त्या वेळी पोहोचल्या नाहीत, आणि त्यातला पहाटेचा मुलगा तेवढा सापडला. आता आम्ही दोन बदल केले आहेत. विसंगतींचा कागद १० वाजता आला नाही तर डेस्कनेच मजल्यावर फोन करून तोंडी यादी घ्यायची. आणि चेक-आउट करताना परत आलेली कार्डे मोजायची. कमी भरली तर ‘खोलीत आणखी कोणी आहे का?’ असे विचारायचे. पहाटे ५ वाजता हा प्रश्न विचारणे सोपे आहे. ११ ते १२ मध्ये तीसेक खोल्या सुटत असताना तो विचारला जातो की नाही, हे मी सध्या पाहतो आहे. आतापर्यंत तरी सकाळची पाळी निम्म्याच वेळा विचारते.