तेरा न्यायमूर्ती, अकरा निकालपत्रं आणि एक सारांश

आमच्या धरमपेठेतल्या अभ्यासमंडळात शनिवारी ज्युनिअर वकील जमतात आणि एखादा जुना निकाल फोडून बघतात. यावेळी केशवानंद भारतीचा, संसद राज्यघटना कुठवर बदलू शकते या प्रश्नावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घ्यायचं ठरलं आणि सारांश करायचं काम माझ्याकडे आलं. २४ एप्रिल १९७३ चा हा निकाल शेकडो पानांचा आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी तो परीक्षेपुरता, गाइडमधल्या दीड पानात वाचलेला. मॅडमनी (आम्हा सगळ्यांच्या सीनिअर) बजावलं होतं, "गाइड नको. मूळ निकालातून काढा. मशीन वापरा, माझी हरकत नाही, पण प्रत्येक ओळीपुढे पान क्रमांक पाहिजे."

मशीन म्हणजे भाषेचं मॉडेल. त्यात एका वेळी किती मजकूर मावतो याला मर्यादा असते आणि ती शब्दांत नाही, टोकनमध्ये मोजतात. इंग्रजीचे हजार शब्द म्हणजे साधारण तेराशे टोकन. हल्लीच्या काही मॉडेलमध्ये हा आख्खा निकाल एका दमात घालता येतो. पण एवढा मजकूर एकदम दिला की सुरुवातीचं आणि शेवटचं नीट उचललं जातं, मधलं पातळ होतं. निकालात मधलं म्हणजे चार-पाच न्यायमूर्ती. म्हणून तुकडे करायचे, प्रत्येकाचा सारांश काढायचा आणि मग ते सारांश जोडायचे हीच वाट धरली. मधले सगळे सारांश इंग्रजीतच ठेवले. मूळ निकाल इंग्रजीत आहे, आणि तोच मजकूर देवनागरीत जास्त टोकन खातो. मराठी अगदी शेवटी, एकदाच.

सगळ्यात सोपी रीत म्हणजे दर तीन हजार शब्दांवर कात्री. माझा मित्र छोटी प्रोग्रॅमिंग करतो, त्याने ती आधी मुद्दाम चालवून दाखवली. शंभरावर तुकडे, तेवढेच सारांश, ते दहा-दहाच्या गठ्ठ्यांत जोडून शेवटी दोन पानं. वाचायला फर्मास. भाषा सलग, मुद्दे ठळक. मी ती दोन पानं वाचून त्याच्यासमोर ठेवली.

"अबे, सात-सहाचा निकाल आहे हा. तुझ्या कागदात तेराही जण एका सुरात कसे काय बोलून राहिले?"

गोम तिथेच होती. तेरा न्यायमूर्ती, पण निकालपत्रं अकरा, कारण शेलत-ग्रोव्हर आणि हेगडे-मुखर्जी यांनी जोडीने लिहिलं. सात एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला. कात्री शब्द मोजून चालली की एका तुकड्यात एका न्यायमूर्तींचा शेवट आणि दुसऱ्यांची सुरुवात येते, आणि सारांशात दोघांचं मिळून "न्यायालयाने म्हटले" होऊन जातं. पुढच्या पायरीवर असे दहा "न्यायालयाने म्हटले" एकत्र आले की मतभेद विरघळतो.

म्हणून कात्री न्यायमूर्तींच्या सीमेवर चालवायची ठरवली. इथे एक मजेदार गोष्ट हाती लागली. पीडीएफमधून मजकूर पेस्ट केला की पानाच्या माथ्यावरची ओळ, समासातली ए ते एच अक्षरं आणि ओळीअखेर तुटलेले शब्द असा सगळा कचरा सोबत येतो. सफाईत पहिल्यांदा उडवतात ती माथ्यावरची ओळ. पण अधिकृत अहवालात त्याच ओळीत, कंसात, ते पान कोणाच्या निकालपत्राचं आहे ते छापलेलं असतं. ती ओळ उडवण्याआधी तिच्यातून न्यायमूर्तींचं नाव आणि पान क्रमांक काढून घेतले आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर अशी चिठ्ठी लावली:

```
[न्यायमूर्ती: <नाव> | भाग: <क्रमांक>/<एकूण> | पाने: <पासून>-<पर्यंत>]
```

पान क्रमांक मजकुराच्या आतही, जिथे पान बदलतं तिथे, राहू दिले. मॅडमची अट त्यामुळेच पुरी झाली. मोठी निकालपत्रं आत पुन्हा कापावी लागली, पण परिच्छेद संपेल तिथेच, आणि मागच्या तुकड्याचे शेवटचे दोन परिच्छेद पुढच्यात पुन्हा घेऊन.

दुसरी अडचण वकिलाच्याच डोळ्याला दिसेल अशी आहे. निकालपत्रात न्यायमूर्ती आधी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मांडतात. अर्जदारातर्फे नानी पालखीवाला, केरळ राज्यातर्फे एच. एम. सीरवाई. "असे प्रतिपादन करण्यात आले" हे वाक्य एकदाच येतं आणि मग पुढची कितीतरी पानं तोच युक्तिवाद चालतो. कात्री मध्ये आली की पुढच्या तुकड्यात ते वाक्य नसतं, आणि सीरवाईंचं म्हणणं न्यायमूर्तींचं मत म्हणून सारांशात बसतं. दोन परिच्छेदांच्या पुनरावृत्तीने हे सुटत नाही. ते वाक्य सहा पानं मागे राहिलेलं असतं.

त्यावर उपाय असा केला की प्रत्येक सारांशाच्या शेवटी एक ओळ सक्तीची: हा तुकडा संपताना कोण बोलत आहे, अर्जदार, राज्य की स्वतः न्यायमूर्ती. ती ओळ पुढच्या तुकड्याच्या डोक्यावर चढवायची. याची किंमत आहे. सगळे तुकडे एकाच वेळी चालवता येत नाहीत, रांगेत जावं लागतं, आणि एका जागी ही ओळ चुकली तर चूक पुढे पुढे सरकत जाते. म्हणून या ओळी मी एकेक मूळ पानाशी ताडून पाहिल्या. सारांश वाचण्यापेक्षा हे काम जास्त उपयोगी ठरलं असं माझं मत आहे. मशीनच्या सारांशात वाक्यं क्वचितच वेडीवाकडी असतात. चूक असते ती कोणाच्या तोंडी काय घातलं यात.

आता जोडणी. आधी एकेका निकालपत्राचे तुकडे जोडून प्रत्येकी एक पान केलं. हे सरळ होतं. त्याने आणखी एक गोष्ट साधली. ज्यांचं निकालपत्र लांब त्यांचे तुकडे जास्त, आणि सगळे तुकडे एकाच हंड्यात टाकले की लांब लिहिणाऱ्याचा आवाज मोठा होतो. मत मात्र प्रत्येकाचं एकच. अकरा पानं झाली की सगळे समान उंचीवर आले.

त्या अकरा पानांचा पुन्हा गद्य सारांश करायचा नाही, यावर मी हटून बसलो. त्याऐवजी तक्ता: आडव्या ओळीत न्यायमूर्ती, उभ्या रकान्यात प्रश्न. २४ वी घटनादुरुस्ती वैध का? २५ वीचा कोणता भाग टिकतो? २९ वीचं काय? मूलभूत हक्क घटनादुरुस्तीनेही कमी करता येत नाहीत असं सांगणारा गोलकनाथचा १९६७ चा निकाल राहतो का? आणि मुख्य प्रश्न, संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा आहे का? प्रत्येक चौकटीत हो किंवा नाही, पान क्रमांक, आणि मूळ निकालातलं एक वाक्य जसंच्या तसं. ते वाक्य मूळ फाइलमध्ये शोधून पाहायचं. सापडलं नाही तर चौकट रिकामी करायची. पूर्ण वाक्य शोधलं तर ओळीअखेर तुटलेल्या शब्दामुळे खरं वाक्यही सापडत नाही, म्हणून मधले चार-पाच शब्दच शोधायचे.

तक्ता भरला आणि शेवटचा रकाना खन्नांपाशी अडला. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना म्हणजे सातवं मत, त्यांच्यावाचून बहुमत नाही. त्यांच्या चौकटीत मॉडेलने एका तुकड्यावरून "मर्यादा नाही" आणि दुसऱ्यावरून "मर्यादा आहे" असं दिलं होतं. मित्राला वाटलं मशीन बिघडलं. मूळ पानं काढून वाचली तर दोन्ही बरोबर. दुरुस्तीच्या अधिकारात गर्भित मर्यादा दडलेल्या आहेत हा अर्जदारांचा मुद्दा खन्नांनी नाकारला, आणि तिथे ते सहा जणांच्या जवळ जातात. पण 'दुरुस्ती' म्हटलं की मूळ घटना उरलीच पाहिजे, म्हणून घटनेची मूलभूत संरचना, म्हणजे तिचा गाभा, मोडता येणार नाही असं ते म्हणतात, आणि तिथे सात पुरे होतात. म्हणजे दोष रकान्याचा होता. एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबले होते. तो रकाना फोडून दोन केले आणि अकराही निकालपत्रांचे तुकडे त्या दोन प्रश्नांसाठी पुन्हा चालवले. गद्य जोडणीत हे कधीच दिसलं नसतं. तिथे मॉडेल "काही मर्यादा आहेत, तरी अधिकार व्यापक आहे" असं गुळमुळीत वाक्य लिहून मोकळं होतं, आणि ते वाचणाऱ्याला खटकतही नाही.

पडताळणीला या निकालात एक सोय आहे. शेवटी बहुमताचा गोषवारा सांगणारा छोटा कागद जोडलेला आहे. त्यावर तेरापैकी नऊ जणांच्या सह्या आहेत. आमच्या तक्त्याची बेरीज त्याच्याशी जुळली: गोलकनाथ रद्द, २४ वी वैध, मूलभूत संरचना बदलता येणार नाही, २५ वीच्या ३ ऱ्या कलमाचा पहिला भाग वैध, आणि कायद्यातल्या घोषणेला न्यायालयात आव्हान देता येणार नाही असं म्हणणारा दुसरा भाग अवैध. पण इथेही सापळा आहेच. पहिल्या ओबडधोबड सारांशात "नऊ विरुद्ध चार" असं आलं होतं, ते या सह्यांवरून. सह्या करणाऱ्यांत पाळेकर आणि चंद्रचूड आहेत, आणि दोघेही अल्पमतातले. सही म्हणजे बहुमत काय ठरलं याला दुजोरा. त्याच्याशी सहमती असेलच असं नाही.

मॅडमनी शनिवारी तक्ता पाहिला, गद्य दोन पानं बाजूला ठेवली आणि सरळ खन्नांच्या ओळीवर बोट ठेवून पान क्रमांक विचारला. पान उघडून वाक्य वाचलं. मग पुढच्या वेळेसाठी राष्ट्रपती राजवटीवरचा बोम्मईचा १९९४ चा निकाल सांगितला. नऊ न्यायमूर्ती, पुन्हा वेगवेगळी निकालपत्रं, आणि तिथे बेरीज ताडून पाहायला असा सह्यांचा कागद नाही. त्यामुळे आता रकाने दोघांनी वेगवेगळे ठरवायचे आणि तक्ते समोरासमोर ठेवायचे असं मित्राशी ठरलंय. कोणत्या चौकटीत दोघांचं जुळत नाही, तेवढंच मूळ निकालातून हाताने वाचायचं.