डाग लपवणारं, तरी उजळ स्वयंपाकघर: रंग ठरवतानाचा माझा अनुभव

‘डाग न दिसणारा रंग दाखवा’ असं दुकानात म्हटलं की समोर गडद राखाडी किंवा चॉकलेटी सनमायका येतो. आमच्या स्वयंपाकघराला उजेड मिळतो तो फक्त ड्राय बाल्कनीतून. त्यात हे गडद रंग लावले असते तर भर दुपारी ट्यूब लावावी लागली असती. शिवाय घरातले डाग काही एका रंगाचे नसतात. शेगडीमागे फोडणीचे पिवळट-तपकिरी शिंतोडे उडतात. सिंकपाशी पांढरे डाग पडतात, कारण आमच्याकडे बोअरचं पाणी आहे आणि ते वाळलं की क्षार मागे राहतात. खालच्या शटरवर पिठाचे हात आणि लादी पुसताना उडालेलं पाणी. म्हणून कुठे कोणता डाग पडतो ते पाहून त्या जागेचा रंग ठरवायचा, असं मी ठरवलं.

दुकानातून सनमायक्याचे आणि टाइल्सचे तुकडे घरी आणले. प्रत्येकावर हळद कालवलेल्या तेलाचं बोट ओढलं, नळाचं पाणी शिंपडलं, कणकेचा हात लावला आणि रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी ते तुकडे ओट्याजवळ उभे करून पाहिले. आडवे ठेवून पाहू नका, कारण शटरवर उजेड तिरका पडतो आणि बोटांचे ठसे त्या तिरक्या उजेडातच उठून दिसतात. चकचकीत पांढऱ्यावर हळद ओरडत होती. गडद राखाडीवर पिठाचे आणि पाण्याचे ठसे त्याहून जास्त दिसत होते, म्हणजे ‘डाग न दिसणारा’ म्हणून दाखवलेलाच रंग आमच्या पाण्यापुढे हरला. सगळ्यात कमी डाग दिसले ते बारीक उभ्या रेषा असलेल्या, फिकट लाकडाच्या मॅट तुकड्यावर. गव्हाळ रंगावर पीठही मिसळून जातं आणि तेलाचा पिवळेपणाही. रेषांमुळे नजर एका डागावर ठरत नाही.

मग खालच्या ट्रॉल्यांना तो गव्हाळ लाकडी रंग घेतला आणि वरच्या कपाटांना मोतिया. शुभ्र पांढरा मुद्दाम टाळला, कारण चिमणी असली तरी वरच्या शटरवर तेलाचा पातळ थर बसतोच. शुभ्र रंगावर तो लगेच पिवळा दिसतो, मोतियावर बराच काळ लक्षातही येत नाही. वरचा भाग डोळ्यांच्या पातळीवर असल्यामुळे खोली उजळ वाटते ती त्याच्यामुळे. खालचा भाग थोडा गडद असला तरी उजेड मारला जात नाही.

खरा वेळ गेला तो डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्समध्ये. जुन्या पांढऱ्या टाइल्स अजून ठणठणीत होत्या, पिवळे पडले होते ते त्यांच्यामधले सांधे. साध्या सिमेंटचा सांधा तेल आणि हळद शोषून घेतो, मग कितीही घासा. त्यामुळे एक फूट बाय दोन फुटाची मोठी टाइल घेतली, म्हणजे सांधेच कमी. रंग फिकट बदामी, त्यावर धूसर तपकिरी शिरा. शिंतोडे त्या शिरांमध्ये हरवतात आणि टाइल गुळगुळीत असल्यामुळे ओल्या फडक्याने निघतात. खडबडीत मॅट टाइलही पाहिली होती, दिसायला सुरेख, पण तेल तिच्या खाचांत बसतं. शटरला मॅट चालतं, शेगडीमागे नाही.

सांध्यांत एपॉक्सी भरून घेतलं, टाइलपेक्षा एक छटा गडद. मिस्त्री पांढरं भरायला निघाले होते, ‘ताई, उठाव येईल’ म्हणून. पांढरं पिवळं पडतं आणि काळं भरलं तर भिंतीवर चौकटींचं जाळं दिसून जागा लहान वाटते, म्हणून मी मधलाच रंग धरून बसले. एपॉक्सी थोडं थोडंच कालवून घ्यावं लागतं. टाइलवर पसरलेला थर लगेच पुसला नाही तर वाळल्यावर धुरकट पापुद्रा राहतो आणि फिकट टाइल कायमची मळकी दिसते. एपॉक्सी शोषून घेत नाही हे खरं, पण हळद रात्रभर राहिली तर त्यालाही पिवळी झाक येऊ शकते.

ओटा जुन्या काळ्या ग्रॅनाइटचाच ठेवला, फोडायचा खर्च नको होता. त्यावर हळद दिसत नाही, क्षार मात्र दिसतात. सिंकच्या कडेला पाणी साचू न देता कोरडं पुसणं, एवढाच उपाय. लिंबू-व्हिनेगरने घासू नका, पॉलिश मंद होऊ शकतं.

दिवे शेवटी बसवले. वरच्या कपाटांखाली ४००० केल्विनची एलईडी पट्टी लावली. निळसर पांढऱ्या ट्यूबखाली बदामी टाइल निस्तेज, राखेसारखी दिसत होती आणि पिवळ्या दिव्यात मोतिया शटर जुनाट. तुकडे निवडताना तोच दिवा लावून पाहा, दुकानातल्या झगमगाटात दिसलेला रंग घरी तसाच दिसत नाही.