आमची वाटचाल: ‘फॉरमॅट मारा’पासून मधल्या डिस्कपर्यंत

२०११ साली परभणीत, मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात एका कोपऱ्यातल्या टेबलावर आमचं काम सुरू झालं. मी, धाकटा भाऊ आणि एक उघडा पडलेला सीपीयू. लॅपटॉप हळू चालतो म्हणून आला की आमचा एकच इलाज असायचा: फॉरमॅट मारा, तीनशे रुपये घ्या. गिऱ्हाईक दोन दिवसांनी परत यायचं. प्रिंटर चालत नाही, मराठी फॉन्ट गेले, बँकेची डिजिटल सही दिसत नाही. ती दुरुस्ती फुकट. हिशेब मांडला तर फॉरमॅटच्या धंद्यात आम्ही घरचेच पैसे घालत होतो.

क्लोनिंगकडे, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवण्याकडे, वळलो ते एसएसडी स्वस्त झाल्यावर. सुरुवात वाईट झाली. एका सरांच्या लॅपटॉपची डिस्क आणि नवी डिस्क, दोन्ही सारख्याच साइजच्या, आणि घाईत मी कोरी डिस्क जुन्यावर क्लोन केली. जुना सगळा डेटा गेला. सर काही बोलले नाहीत, त्यानं जास्त लागलं. तेव्हापासून जुन्या डिस्कला लाल टेप लागते, आणि एंटर दाबण्याआधी डिस्कच्या लेबलावरचा सिरियल नंबर भाऊ मोठ्यानं वाचतो, मी स्क्रीनवर बघतो.

पण आम्हाला खरं शिकवलं ते मोंढ्यातल्या एका अडत दुकानाच्या लॅपटॉपनं. सोयाबीनचा सीझन, दिवाळी तोंडावर. शेठजी लॅपटॉप घेऊन आले आणि म्हणाले, “भाऊ, चालू व्हायला दहा मिनिटं लागायलीत. शेतकरी पट्टीसाठी उभे राहतात. पण फॉरमॅट नको बरं का!” अडतीचं सॉफ्टवेअर लिहिणारा पोरगा पुण्याला निघून गेलेला, सीडी हरवलेली. प्रोग्राम C मध्ये आणि हिशेबाची फाईल D मध्ये, `D:\ADAT` या फोल्डरात. म्हणजे जे आहे ते जसंच्या तसं उचलणं एवढाच मार्ग.

डिस्क ५०० जीबीची, आणलेला एसएसडी २४० जीबीचा. डेटा दोन्ही भाग मिळून १२० जीबीच्या आतच होता, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. अडचण अशी की डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोनं जुनी डिस्क पिवळी दाखवली: वाचताना अडखळणारे सेक्टर तिच्यावर साठत होते. अशा डिस्कवर नेहमीचं क्लोनिंग सॉफ्टवेअर लावलं तर ते एकाच खराब जागेवर ठोके देत बसतं, किंवा अर्ध्यावर एरर देऊन थांबतं. आणि एसएसडीत मावावं म्हणून आधी त्याच डिस्कवर पार्टिशन लहान करायला जावं, तर मरणाऱ्या माणसाला घर बदलायला लावल्यासारखं होतं. फाईली इकडून तिकडे हलवण्यात डिस्कचा उरलासुरला जीव जातो.

म्हणून मध्ये एक डिस्क घातली. दुकानातली धडधाकट ५०० जीबीची डिस्क घेतली आणि लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून खराब डिस्कची नक्कल उतरवणारं `ddrescue` लावलं. पहिली फेरी सोपं तेवढं उचलणारी, खराब जागा उकरत न बसणारी. दुसरी फेरी फक्त राहिलेल्या जागांची, तीन-तीनदा प्रयत्न करणारी.

```
ddrescue -f -n /dev/sda /dev/sdb map.log
ddrescue -f -d -r3 /dev/sda /dev/sdb map.log
```

`sda` म्हणजे जुनी, `sdb` म्हणजे मधली. `map.log` मध्ये काय वाचून झालं याची नोंद राहते. ती पेनड्राइव्हवर नीट ठेवली तर लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं, आणि आमच्याकडे लाइट जातेच. चांगली डिस्क दोनेक तासांत उतरते. हिला रात्र लागली. सकाळी थोडेसेच सेक्टर न वाचलेले राहिले होते. त्यानंतर जुनी डिस्क काढून कागदात गुंडाळली, ती पुन्हा लावलीच नाही.

पुढचं सगळं मधल्या डिस्कवर. जीपार्टेडनं पार्टिशन लहान करायला गेलो तर त्यानं नकार दिला: खराब सेक्टर आहेत म्हणे. धडधाकट डिस्कवर खराब सेक्टर कुठून? मग ध्यानात आलं. शेठजींच्या पुतण्यानं कधीतरी डिस्क तपासणारं `chkdsk` चालवलं होतं, तेव्हा विंडोजनं खराब जागांची यादी करून ठेवली होती. आम्ही डिस्कची हुबेहूब नक्कल केली, तर ती यादीही सोबत आली. मधली डिस्क आमच्या पीसीला लावली, तिथे तिचा C हा F म्हणून दिसला, त्यावर `chkdsk F: /b` दिलं. यातल्या `/b` मुळे विंडोज त्या जागा नव्यानं तपासतं. D वरही तेच केलं. यादी साफ झाली आणि जीपार्टेड चालायला लागलं. C १३० जीबीचा केला, D ८० चा, आणि D सरकवून C ला चिकटवला. रिकामी जागा सगळी शेवटी गेली.

लॅपटॉप जुना, पार्टिशनची पद्धत एमबीआर. तिच्यात पार्टिशनचा तक्ता फक्त डिस्कच्या सुरुवातीला असतो, म्हणून मधल्या डिस्कचे (`sdb`) पहिले २२० जीबी एसएसडीवर, म्हणजे `sdc` वर, उतरवले की भागतं:

```
ddrescue -f -s 220Gi /dev/sdb /dev/sdc
```

नव्या लॅपटॉपांतल्या जीपीटी डिस्कवर एवढ्यावर भागत नाही. तिथे तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, ती एसएसडीच्या शेवटी नव्यानं लिहावी लागते.

एसएसडी लॅपटॉपमध्ये बसवला, मधली डिस्क बाहेर ठेवली. क्लोन आणि मूळ एकाच मशीनला लावून विंडोज चालू करायचं नाही, हा आमचा पक्का नियम. दोघांची सही, म्हणजे विंडोज डिस्क ज्यावरून ओळखतं तो क्रमांक, एकच असते. विंडोज तशी एक डिस्क बंद ठेवतं, आणि कुणी ती हातानं चालू केली की तिला नवी सही देतं. मग पुढच्या वेळी त्या डिस्कवरून बूट करताना `0xc000000e` समोर येतो.

विंडोज उठलं. आधी डिस्क तपासण्यात दोन मिनिटं गेली, नंतर मात्र पंधरा-वीस सेकंदांत डेस्कटॉप दिसायला लागला. शेठजी खूश. अडतीचा प्रोग्राम उघडला आणि समोर आलं: डेटा फाईल सापडत नाही.

माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, न वाचलेले सेक्टर नेमके हिशेबाच्याच फाईलीत होते की काय! भाऊनं ‘धिस पीसी’ उघडून दाखवलं, D नव्हताच. फाईली जागेवर होत्या, फक्त ड्राइव्हचं नाव F झालं होतं. एमबीआर डिस्कवर विंडोज ड्राइव्हचं अक्षर लक्षात ठेवतं ते डिस्कच्या सहीवरून आणि पार्टिशन डिस्कवर कुठून सुरू होतं त्यावरून. C ची सुरुवात आम्ही हलवली नव्हती, म्हणून तो C च राहिला. D सरकवला, म्हणून विंडोजला तो अनोळखी वाटला. डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर पुन्हा D केलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला, आणि पट्टी निघाली. शेठजींनी आदल्या आठवड्यातल्या चार पट्ट्या वहीशी ताडून बघितल्या, मगच खिशात हात घातला.

सगळ्यात शेवटी `defrag C: /L` आणि `defrag D: /L` चालवलं. आपण २२० जीबी सरसकट उतरवल्यामुळे एसएसडीला सगळीच जागा भरलेली वाटत असते. यानं त्याला रिकामी जागा कोणती ते कळतं.

आता दुकान स्वतःचं आहे, दोन पोरं कामाला आहेत. क्लोनिंगचे आठशे घेतो, पिवळ्या डिस्कचे जास्त. जुनी डिस्क गिऱ्हाइकाला देतो आणि महिनाभर फेकू नका म्हणतो. लॅपटॉप घेतानाच्या कागदावर एक ओळ वाढवली आहे: कोणता प्रोग्राम कोणत्या ड्राइव्हमधून चालतो. आणि ती ५०० जीबीची डिस्क अजून कपाटात आहे, तिच्यावर मार्करनं लिहिलंय: ‘मधली. विकू नये.’