चुकून आलेले एक लाख शहाऐंशी हजार

नोटीस अडत्याच्या पेढीकडून आली होती. मजकूर साधा होता: फेब्रुवारीत तुमच्या लाल कांद्याची पट्टी झाली, हमाली-तोलाई वजा जाता १,८६,००० रुपये तुमच्या खात्यात जमा केले. त्यानंतर तीन दिवसांनी पेढीच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून तेवढीच रक्कम चुकून पुन्हा जमा झाली. ऑगस्टमध्ये सीएने खाती जुळवताना ही गोष्ट लक्षात आली. ती रक्कम अठरा टक्के व्याजासह पंधरा दिवसांत परत करा, नाहीतर दिवाणी दावा आणि फौजदारी तक्रार दोन्ही करू.

ज्यांना ती आली ते तात्या (नाव देत नाही) निफाड तालुक्यातले कांदा उत्पादक. मुलाला घेऊन नाशिकला माझ्या ऑफिसात आले, नोटीस टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाले, “वकीलसाहेब, मी काय त्यांच्या दारात गेलतो का पैसे मागायला? चूक त्यांची, भुर्दंड मला का? आमचा त्यांच्याशी असा काही करारच नाही. असंच उत्तर लिहा.”

कराराचा मुद्दा तात्यांनी बरोबर पकडला होता. दुसऱ्या वेळच्या पैशांबाबत त्यांच्यात आणि पेढीत काहीही ठरलं नव्हतं. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्यात पाचवं प्रकरण नेमकं याच परिस्थितीसाठी आहे. करार झालेला नाही, तरीही कायदा तो झाल्यासारखी जबाबदारी टाकतो. कलम ७२ एका वाक्याचं आहे: ज्याला चुकीने किंवा जबरदस्तीने पैसे दिले गेले किंवा वस्तू पोचवली गेली, त्याने ती परत केली पाहिजे. त्याखाली दिलेलं उदाहरण तर तात्यांच्या प्रकरणाचा सख्खा भाऊ शोभावं असं आहे. अ आणि ब मिळून क चे शंभर रुपये देणं लागतात. अ ते फेडतो. ब ला ते माहीत नसतं, तोही शंभर रुपये देतो. क ने ब चे शंभर परत करायचे. यात क ने काही गैर केलेलं नाही, हे लक्षात घ्या. तो बिचारा घरी बसून होता.

मी तात्यांना विचारलं, “उद्या खताच्या दुकानाचा पोरगा शेजाऱ्याच्या युरियाच्या गोण्या चुकून तुमच्या खळ्यात टाकून गेला, आणि तुम्ही त्या वापरल्या, तर?”

“वापरल्या तर पैसे द्यावे लागतील की.”

“पण तुम्ही मागवल्या नव्हत्या.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण गोण्या दिसतात हो. पैसा खात्यात आला म्हणजे आपलाच वाटतो.”

हे त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. पण अशा प्रकरणात घेणाऱ्याचा प्रामाणिकपणा हा पहिला प्रश्नच नसतो. ते पैसे आपल्याकडे राहायला काही आधार आहे का, हे आधी पाहायचं असतं. जुनं येणं, बक्षीस, पगार, नुकसानभरपाई, काहीतरी. आधार असेल तर पैसे देणाऱ्याच्या हातून गेले कसे, याला महत्त्व नाही. आधार नसेल तर घेणारा कितीही सज्जन असो, दुसऱ्याच्या खिशाला चाट लावून त्याचा खिसा भरला हे उरतंच.

“चूक त्यांची” हा युक्तिवादही इथे चालत नाही. इंग्लंडमध्ये १८४१ मध्ये केली विरुद्ध सोलारी या खटल्यात हाच प्रश्न आला होता. हप्ता न भरल्याने विमा पॉलिसी बंद पडली होती, हे विमा कंपनीचे संचालक विसरले आणि त्यांनी मयताच्या विधवेला पैसे दिले. कोर्टाने सांगितलं, खरोखर विसर पडला असेल तर देणाऱ्याचा निष्काळजीपणा पैसे परत मागण्याच्या आड येत नाही. मात्र खरं-खोटं न बघता, बंद असली तरी देऊन टाकू, अशा विचाराने दिले असतील तर गोष्ट वेगळी. आपल्याकडेही कलम ७२ मध्ये देणाऱ्याने काळजी घेतली होती का, याची अट नाही. चूक झाली आणि रक्कम देय नव्हती, या दोन गोष्टी मात्र त्यालाच सिद्ध कराव्या लागतात. पेढीने दोन्ही बँकांचे उतारे आणि एकच पट्टी जोडली होती. ते काम त्यांनी चोख केलं होतं.

मग मी तात्यांच्या मुलाला म्हणालो, खात्याचा उतारा आणि पेढीच्या जुन्या पट्ट्या, जे आहे ते सगळं काढ. बरेचदा खरी लढाई ‘द्यायचे की नाही’ यावर नसतेच, ‘किती द्यायचे’ यावर असते. आणि तसंच निघालं. आदल्या वर्षीच्या उन्हाळ कांद्याच्या पट्टीवर ३८,००० बाकी लिहिलेले होते आणि त्याखाली दिवाणजीची सही. ती बाकी कधीच चुकती झाली नव्हती. म्हणजे दुसऱ्यांदा आलेल्या रकमेतल्या ३८,००० पुरता तात्यांकडे आधार होता. जे येणं होतं तेच आलं, भले देणाऱ्याच्या मनात ते नसेल. बाकी दीड वर्षापूर्वीची असल्याने तीन वर्षांच्या मुदतीतही बसत होती. राहिले १,४८,०००.

तेवढ्यात मुलाने मोबाइल पुढे केला. दुसरी रक्कम जमा झाली त्याच दिवशी त्याने दिवाणजीला व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं, “आज पुन्हा १,८६,००० जमा झाले. कशाचे?” त्यावर उत्तर होतं, “तुमचेच आहेत. मागचापुढचा हिशोब आहे. राहू द्या.”

हा मेसेज घरात कोणाला महत्त्वाचा वाटला नव्हता. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. फौजदारीची धमकी इथेच ढिली पडली. अपहाराच्या कलमाचं (पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं ४०३, आता भारतीय न्याय संहितेचं ३१४) मूळ अप्रामाणिकपणात आहे. आपलं समजून घेतलेल्या वस्तूचा गुन्हा होत नाही. ती दुसऱ्याची आहे हे कळल्यावरही लबाडीने वापरली तर होतो. म्हणून तात्यांना मी त्याच बैठकीत बजावलं: नोटीस हातात पडल्यापासून “माहीत नव्हतं” म्हणायची सोय संपली आहे, या पैशातला उरलेला रुपयाही आता हलवायचा नाही.

उरलं किती होतं? जवळपास काहीच नाही. ९०,००० सोसायटीच्या पीककर्जात गेले होते, ५०,००० ठिबकला, २५,००० गावच्या हरिनाम सप्ताहात काल्याच्या पंगतीला आणि बाकीचे घरखर्चात. तात्यांचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता, “खर्च झालेले पैसे आणू कुठून?”

सुप्रीम कोर्टाने १९५८ मध्ये कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ यांच्या प्रकरणात याचं उत्तर दिलं आहे. बनारसच्या या पेढीने चांदीच्या वायदे व्यवहारांवर विक्रीकर भरला होता आणि तो कर लावण्याचा अधिकारच सरकारला नव्हता, असं नंतर ठरलं. पेढीने पैसे परत मागितले. कायदा समजण्यातली चूकही कलम ७२ मधल्या ‘चुकीत’ बसते, हा त्या निकालाचा मोठा भाग. पण सरकारने असंही म्हटलं होतं की आलेला पैसा कारभारात खर्च झाला. कोर्टाने ते मानलं नाही. मात्र त्याच निकालात एक दार उघडं ठेवलं आहे: परत करण्याची जबाबदारी विबंध, हक्क सोडून देणं, मुदत अशा गोष्टींच्या अधीन असते.

विबंध म्हणजे आपल्या शब्दावर दुसऱ्याला विसंबायला लावायचं आणि मग तो शब्द फिरवायचा नाही. हे धरून मी खर्चाची एकेक नोंद पाहिली. पीककर्ज फेडलं, म्हणजे तात्यांचं स्वतःचं देणं तेवढ्याने कमी झालं. फायदा गेलेला नाही, फक्त बँकेतून सोसायटीच्या खात्यात गेला. ठिबक वावरात उभं आहे. घरखर्च एरवीही झालाच असता. यातल्या एकाही गोष्टीवर मी कोर्टात उभा राहिलो नसतो. सप्ताहाचे २५,००० मात्र वेगळे होते. इतर वर्षी तात्या सप्ताहाला जेमतेम दोन-तीन हजार देतात, हे पावत्यांवरून दिसत होतं. दिवाणजीच्या “राहू द्या” वर विसंबून त्यांनी एरवी केला नसता असा खर्च केला, आणि त्यातलं आता त्यांच्याकडे काही नाही. आपल्या कलम ७२ मध्ये असा बचाव लिहिलेला नाही. तो मेसेज नसता तर त्या रकमेवर मी आशा ठेवली नसती.

एक कच्चा दुवाही होता आणि तो मी तात्यांपासून लपवला नाही. रक्कम पट्टीएवढीच, रुपयाचाही फरक नाही. बाकी ३८,००० ची, आणि आले १,८६,०००. “मागचापुढचा हिशोब” एवढ्या रकमेला पुरा पडत नाही, हे समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात विचारणार. मुलगा खाली मान घालून म्हणाला, “मलाबी वाटलं होतं जास्त आहेत. पण ते राहू द्या म्हणले.”

उत्तरात आम्ही सगळं मान्य करून लिहिलं: दुसरी रक्कम आली, त्यातले ३८,००० आमच्या बाकीचे, २५,००० तुमच्या दिवाणजीच्या सांगण्यावरून खर्च झाले, १,२३,००० द्यायला तयार आहोत. व्याज ठरलेलं नव्हतं, म्हणून अठरा टक्क्यांना आधार नाही. फार तर मागणी केल्यापासूनचं रास्त व्याज, तेही कोर्टाने ठरवलं तर. मेसेजची प्रत जोडली. असा मोबाइलवरचा पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो फोन विकू नको, फॉरमॅट करू नको, असं मुलाला सांगून ठेवलं.

पेढीने दावा न लावता प्रकरण डिसेंबरच्या लोकअदालतीत दाखलपूर्व म्हणून ठेवलं. तिथे पेढीचे मालक स्वतः आले होते, दिवाणजीही. मालकांनी मेसेज पहिल्यांदाच पाहिला. बाकीच्या ३८,००० वर त्यांनी वाद घातला नाही. पट्टीवरची सही ओळखीची होती. घासाघीस झाली ती २५,००० वर. ते म्हणाले, “पंगत तुम्ही घातली, पुण्य तुम्हाला, पैसे माझे?” तात्या लगेच म्हणाले, “शेठ, राहू द्या असं तुमच्याच माणसाने सांगितलं.” पॅनलवरच्या न्यायाधीशांनी दोघांना शांतपणे विचारलं, या रकमेसाठी तुम्हाला साक्षीपुरावे करत वर्षं घालवायची आहेत का?

१,३५,००० वर तडजोड झाली. म्हणजे सप्ताहाचा निम्म्याहून थोडा जास्त भार पेढीने सोसला. व्याज नाही, फौजदारी तक्रार नाही. ६०,००० त्याच दिवशी, उरलेले लाल कांदा विकल्यावर फेब्रुवारीअखेर. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, हे दोन्ही बाजूंना समजावून सांगितलं आणि मग सह्या झाल्या.

दिवाणजीच्या त्या एका मेसेजवर कोर्टाने २५,००० पूर्ण सोडले असते का, हे तडजोडीमुळे कधी ठरलंच नाही. माझं मत विचाराल तर पूर्ण सोडले नसते. मुलाला “जास्त आहेत” असं वाटलं होतं, हे त्याला साक्षीत सांगावंच लागलं असतं, आणि ज्याला शंका आली त्याने एका शब्दावर किती विसंबावं, या प्रश्नावर आमची बाजू लंगडी पडली असती.