सेन्सेईंना पाठवलेले उन्हाळ्याचे पोस्टकार्ड

क्योतोमध्ये ज्यांच्याकडे मी दोन वर्षे जपानी शिकले, त्या माझ्या सेन्सेई आता सत्तरीपुढे आहेत. २०२५च्या उन्हाळ्यात त्यांच्या प्रकृतीची चौकशी करणारे ‘शोचू मिमाई’चे पोस्टकार्ड पाठवायचे मी ठरवले. तोक्योतल्या पोस्टातून ८५ येनांचे साधे कार्ड आणले आणि बुधवारी, ६ ऑगस्टला, संध्याकाळी ते लिहून पूर्ण केले.

या पत्राला आपल्यासारखा मायना नसतो. ‘सा. न. वि. वि.’ लिहिण्याची सवय असलेल्या हाताला हे चमत्कारिक वाटते. पण उभ्या ओळींत लिहिताना उजवीकडची पहिली ओळ म्हणजेच अभिवादन असते, ते जरा मोठ्या अक्षरांत काढायचे आणि त्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही. मी ‘शोचू ओमिमाई मोशिआगेमासु’ असे लिहिले होते. छापील कार्डांवर हेच वाक्य असते, त्यामुळे ते चुकेल अशी शंकाही आली नाही. शेजारच्या आजींना दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “गुरूंना लिहिताना ‘ओउकागाई’ बरे.” ‘मिमाई’ म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणेही, तो शब्द वडीलधाऱ्यांसाठी वापरला तर किंचित वरून विचारपूस केल्यासारखा वाटतो, तर ‘उकागाई’मध्ये विचारणारा स्वतः खाली उभा असतो.

मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी, ७ ऑगस्टला, ‘रिश्शू’ होते, म्हणजे पंचांगाप्रमाणे शरदाचा आरंभ. बाहेर अंग भाजून निघत असले तरी त्या दिवसापासून ‘शोचू’, म्हणजे भर उन्हाळा, संपतो आणि ‘झान्शो’, उरलेला उन्हाळा, सुरू होतो. माझे कार्ड शुक्रवारच्या आधी पोहोचणार नव्हते, आणि हिशेब लिहिण्याच्या नव्हे, तर पोहोचण्याच्या दिवसाचा धरतात. अख्खे कार्ड बाद झाले. (असे बिघडलेले कार्ड थोडे शुल्क घेऊन पोस्टात बदलून मिळते, एवढाच दिलासा.)

नव्या कार्डावर ‘झान्शो ओउकागाई मोशिआगेमासु’ लिहिले. पुढे, ऋतूने कूस बदलली तरी उष्मा कमी होत नाही, अशा दिवसांत आपली प्रकृती कशी आहे, असे विचारले. स्वतःविषयी, नोकरी ठीक चालली आहे आणि त्यांनी घोटून घेतलेली आदरार्थी क्रियापदे रोज कामाला येतात, एवढ्या दोनच ओळी. शेवटच्या वाक्यात मी आधी ‘ओकारादा’, म्हणजे ‘शरीर’, हा शब्द घातला होता, तो या वेळी काढून टाकला. कारण नंतर येणाऱ्या ‘जिआई’ या शब्दातच स्वतःला जपणे आलेले असते. तारखेच्या जागी दिवस न घालता जपानी कालगणनेतले वर्ष आणि ऋतू, ‘रेइवा ७, बान्का’ (उन्हाळ्याचा शेवट) असे लिहिले, आकडा अर्थात कांजी लिपीत.

ऑगस्ट संपण्याआधी सेन्सेईंचे उत्तर आले. दुपारी बाहेर पडत नाही, पहाटे बागेला पाणी घालते, असे त्यांनी कळवले होते. पहिल्या ओळीत मात्र ‘ओमिमाई’ होते. तो अधिकार त्यांचा.