उघडे राहिलेले फोल्डर

पुण्यातील एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत माहिती-सुरक्षेचे काम माझ्याकडे आहे. नव्याने रुजू होणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याचे काम आम्ही बाहेरच्या एका संस्थेला दिलेले असून, ती संस्था पूर्ण झालेल्या अहवालाची लिंक आमच्या मनुष्यबळ विभागाला ईमेलने पाठवते. जून 2024 मधील एका मंगळवारी त्या विभागातील सहकाऱ्याने मला बोलावले, कारण लिंकवर क्लिक केल्यावर अहवालाऐवजी ‘भलतेच काहीतरी’ उघडत होते. ईमेलमधील लांबलचक पत्ता तिरप्या रेघेपाशी दोन ओळींत तुटला होता आणि पहिली ओळ तेवढी लिंक झाली होती. फाइलचे नाव गळाल्यामुळे ब्राउझरने थेट साठवणुकीचे मूळ, म्हणजे ज्याला आम्ही बकेट म्हणतो ते, मागितले होते. ते नाकारले जायला हवे होते. प्रत्यक्षात पडद्यावर `ListBucketResult` या शब्दाने सुरू होणारी यादी दिसत होती. तेव्हा सकाळचे 11:42 झाले होते, आणि ती वेळ मी तिथेच वहीत लिहून घेतली.

त्या यादीत कोणाचाही कागद दिसत नव्हता. फाइलचे नाव, आकार, शेवटच्या बदलाची वेळ असा तपशील प्रत्येक नोंदीत होता. मात्र नावेच पुरेशी बोलकी होती: उमेदवाराचा संदर्भ क्रमांक आणि त्यापुढे `aadhaar_front`, `pan`, `cancelled_cheque`, `degree` असे शब्द. म्हणजे ओळखपत्रे, बँक खात्याचा तपशील आणि शैक्षणिक प्रमाणपत्रे एकाच ठिकाणी, एकाच क्रमांकाखाली जोडलेली होती. एकूण किती फाइली आहेत हे मात्र त्या पानावरून सांगता येत नव्हते, कारण अ‍ॅमेझॉनची S3 ही साठवणूक सेवा एका वेळी जास्तीत जास्त 1000 नावे देते आणि यादीच्या आरंभी `IsTruncated` पुढे `true` असे होते, म्हणजे यादी इथे संपत नव्हती. पुढची पाने मागवून मोजदाद करणे शक्य होते, पण मी ते केले नाही. संस्थेला भोक दाखवून देण्यासाठी पहिले पान पुरेसे होते आणि त्यापलीकडची प्रत्येक विनंती म्हणजे दुसऱ्याच्या माहितीची अनधिकृत उचल ठरू शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 43 हेतू चांगला होता म्हणून आपोआप बाजूला होत नाही. मी पडद्याचे एक छायाचित्र घेतले, त्यातील संदर्भ क्रमांक झाकले आणि आमच्या तंत्रज्ञान प्रमुखांना कळवले.

एक प्रश्न तरीही उरत होता. यादी दिसणे आणि फाइल वाचता येणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, आणि पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही. हे तपासायचे तर कोणाची तरी फाइल लागणार होती. त्या यादीत आमच्याच एका नव्या सहकाऱ्याचा संदर्भ क्रमांक होता. मी त्याला बोलावून सगळे सांगितले, तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “मॅडम, माझीच बघा. दुसऱ्या कोणाची नको.” त्याच्या देखत मी फाइलचा मजकूर न उतरवता फक्त शीर्षमाहिती मागणारी आज्ञा दिली:

```
curl -I "https://<bucket>.s3.ap-south-1.amazonaws.com/<file>"

HTTP/1.1 200 OK
Date: Tue, 11 Jun 2024 06:36:10 GMT
Content-Type: image/jpeg
```

200 याचा अर्थ फाइल कोणालाही, ओळख न पटवता वाचता येत होती. `Date` ही ओळ मी मुद्दाम जपून ठेवली. ती आमच्या संगणकाच्या घड्याळाची नसून सर्व्हरने दिलेली वेळ असते आणि त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ मिळते, इथे 12:06. पुढे कोण केव्हा काय म्हणाले यावर वाद झाला, तर आपल्या वहीपेक्षा तिचे वजन अधिक पडते.

कळवायचे कोणाला, हे शोधण्यात त्यानंतरचा वेळ गेला. संस्थेच्या संकेतस्थळावर `/.well-known/security.txt` ही सुरक्षा-संपर्काची ठरलेली फाइल नव्हती आणि आमच्याकडे असलेला क्रमांक विक्री प्रतिनिधीचा होता. त्याच्याकडून तांत्रिक प्रमुखांचा थेट क्रमांक मिळवून 12:40 ला मी त्यांना फोनवर सांगितले आणि लगेच लेखी ईमेल पाठवला. त्यात बकेटचे नाव, 11:42 ही वेळ, दिसलेल्या माहितीचा प्रकार, आम्ही काय तपासले आणि काय तपासले नाही, एवढेच होते. यादीची प्रत जोडली नाही. सीईआरटी-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. आमच्या कर्मचाऱ्यांची कागदपत्रे त्यात असल्यामुळे आम्ही संस्थेच्या उत्तरासाठी न थांबता 14:10 ला आमचा अहवाल पाठवला. क्लाउड कंपनीच्या गैरवापर-तक्रार विभागालाही कळवले, पण ग्राहकाची बकेट त्यांनी स्वतःहून लगेच बंद करावी अशी अपेक्षा ठेवून चालत नाही. किल्ली त्या संस्थेच्याच हातात होती.

17:05 ला त्यांच्या अभियंत्याचा फोन आला की काम झाले, आता 403 येतो, म्हणजे प्रवेश नाकारला जातो. मीही मूळ पत्ता उघडून पाहिला आणि यादी खरोखरच नाकारली जात होती. पण सहकाऱ्याच्या त्याच फाइलला अजूनही 200 मिळत होते. त्यांनी यादीची परवानगी काढली होती, वाचनाची नाही. म्हणजे ज्याने ती यादी आधीच उतरवून घेतली असेल त्याच्यासाठी काहीच बदलले नव्हते. अभियंत्याला हे चटकन पटेना, कारण त्याने एका फाइलचे नाव टाकून पाहिले होते आणि तिथेही 403 आला होता. बोलता बोलता उलगडले की ते नाव टंकताना एक अक्षर चुकले होते. यादीची परवानगी नसलेल्याला ही सेवा अस्तित्वात नसलेल्या फाइलसाठीही ‘सापडले नाही’ सांगणाऱ्या 404 ऐवजी 403 च देते, त्यामुळे चुकीचे नाव आणि बंद दार यांत फरक दिसत नाही. जी फाइल आहे हे नक्की माहीत आहे, तिचेच नाव अचूक टाकून पाहावे लागते. त्यानंतर त्यांनी बकेटसाठी बाहेरच्यांचा प्रवेश रोखणाऱ्या `Block Public Access` चे चारही पर्याय सुरू केले. नव्या बकेटला एप्रिल 2023 पासून ते मुळातच सुरू असतात, पण ही बकेट त्यापूर्वीची होती. 18:22 ला त्याच सहकाऱ्याच्या फाइलला 403 मिळाला आणि बंद होण्याची वेळ म्हणून मी तीच नोंदवली. उघडे सापडल्यापासून 6 तास 40 मिनिटे. त्याआधी किती काळ ते उघडे होते, हे यादीतील तारखांवरून कळत नाही. त्या तारखा फाइल केव्हा चढवली ते सांगतात, दार केव्हा उघडले ते नाही.

मला सर्वांत जास्त हवे होते ते एका प्रश्नाचे उत्तर: आमच्याआधी कोणी त्या फाइली वाचल्या का? त्या आठवड्याच्या अखेरीस संस्थेचे लेखी उत्तर आले. बकेटच्या वापराच्या नोंदी ठेवणारी सोय सुरू केलेली नव्हती. ती सोय आपणहून सुरू करावी लागते आणि मागाहून सुरू केली तर मागचे काही सापडत नाही. आमच्या ज्या सहकाऱ्यांची कागदपत्रे तिथे होती, त्यांना द्यायच्या पत्रात ‘गैरवापराचा पुरावा आढळला नाही’ असे लिहावे, अशी सूचना संस्थेने केली होती. मी ती मान्य केली नाही. पुरावा ठेवण्याची सोयच नसताना तो आढळला नाही असे म्हणणे वाचणाऱ्याला खोटा दिलासा देते. पत्रात आम्ही सापडल्याची आणि बंद झाल्याची वेळ दिली, प्रत्येकाच्या कोणत्या कागदांची नावे पहिल्या पानावर दिसली ते लिहिले, आधारचे बायोमेट्रिक लॉक कसे करायचे आणि बँकेला काय कळवायचे ते सांगितले, आणि शेवटी ‘या फाइली आणखी कोणी पाहिल्या का, हे आता कोणालाही सांगता येणार नाही’ हे वाक्य जसेच्या तसे ठेवले.