भांडणाला नाव देताना

श्रीवर्धनच्या बाजूची सुपारीची वाडी, दोन चुलत भाऊ आणि मधे सामाईक विहीर. कोर्टाने मध्यस्थीसाठी पाठवलेल्या दाव्यात मुद्दे दोनच होते: पंप कोणी किती वेळ चालवायचा आणि विहिरीकडे जाणारी वाट गडगा घालून अडवली की नाही. भांडण मात्र अठरा वर्षांचं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

एकत्र बसवण्याआधी दोघांना वेगवेगळं भेटलो, प्रत्येकी तासभर. थोरले म्हणाले, "मी इथे राबलो आणि तो मुंबईत बसून हिस्सा मागतोय." धाकटे म्हणाले, "गावात राहून त्याने सगळं गिळलं." अशा गोष्टीत एक सोसणारा असतो आणि एक लबाड, आणि त्यात न बसणारं काही घडलं असेल तर सांगणारा ते आपोआप गाळतो. म्हणून वहीचं पान मधोमध दुमडतो. डावीकडे आरोप लिहायचे, उजवीकडे त्या गोष्टीत न बसणारं काही ओझरतं निसटलं तर ते. पहिल्या तासात थोरल्यांची डावी बाजू भरून वाहिली, उजवीकडे एकच ओळ आली: "वादळात ताडपत्री."

एकत्र बैठकीत पहिलं काम भांडणाला नाव देण्याचं. न्यूझीलंडच्या जॉन विन्स्लेड आणि जेराल्ड मंक यांनी मांडलेल्या या पद्धतीत माणसाला प्रश्न मानत नाहीत. प्रश्न वेगळा, आणि तो दोघांना छळतो असं धरून बोलायचं. ऐकायला हे सोपं वाटतं. थोरल्यांनी सुचवलेलं नाव होतं "त्याचा आडमुठेपणा". ते चालणार नव्हतं, कारण त्यात आरोप तसाच राहतो. मी "गैरसमज" म्हणून पाहिलं, तर धाकटे उसळले: "वाट अडवली तो गैरसमज?" बरोबरच होतं त्यांचं. नाव फार मऊ झालं की ज्याला लागलंय त्याला आपलं दुःख पुसल्यासारखं वाटतं. वीस मिनिटं गेली. मग धाकट्यांच्या पत्नी कोपऱ्यातून म्हणाल्या, "अबोलाच म्हणा ना. घरात तेच म्हणतो आम्ही." दोघांनी मान हलवली.

त्यानंतर प्रत्येक प्रश्नाचा कर्ता अबोला. अबोल्याने तुमच्याकडून काय काय करवून घेतलं? थोरले थांबून थांबून बोलले: एका विहिरीवर दोन पंप, दोन वायरी, गडग्याच्या चिऱ्यांचा खर्च. धाकटे म्हणाले, गणपतीला घरी येऊनही शेजारच्या आरतीला गेलो नाही. आणि रोपं. वादळानंतर दोघांनी नव्याने लावलेली सुपारी उन्हाळ्यात पाण्यावाचून तग धरत नाही, आणि पाळीच ठरलेली नसल्याने दोघांचीही काही रोपं जळली होती. असं हे चालू राहिलेलं तुम्हाला हवंय का, हा प्रश्न यानंतरच विचारायचा. उत्तर "नाही" आलं तरी "का नाही" हेही त्यांच्याच तोंडून यायला हवं.

मग मी घाई केली. "पूर्वी एकमेकांशी कसं होतं?" असं विचारल्यावर थोरले खुर्ची सरकवून उठले. कडवटपणा ताजा असताना जुन्या गोडव्याची आठवण काढली की चेष्टा केल्यासारखी लागते. "चांगले दिवस" न मागता, नेमकी एक घटना धरावी. पाणी दिलं, बसवलं आणि वहीतली उजवी बाजू काढली.

"३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुसऱ्या दिवशी ताडपत्री कोणी टाकली?"

थोरले म्हणाले, "ते काय, सगळ्यांनीच केलं." ही टाळाटाळ नेहमीची, इथे सोडून चालत नाही. शिडी कोणाची होती? दोर कोणी धरला? छपरावर कोण चढलं? उत्तरं सुटी सुटी येत गेली. धाकट्यांच्या बंद घराची कौलं उडालेली पाहून थोरल्यांचा मुलगा चढला होता, थोरले खाली दोर धरून उभे होते. धाकट्यांना हे माहीतच नव्हतं; त्यांना वाटत होतं, ग्रामपंचायतीच्या माणसांनी केलं.

"निळी होती ना?" धाकट्यांनी विचारलं.

"निळी कुठली? काळी. आमच्या भाताच्या उडवीवरची."

तोवर दोघंही माझ्याकडे बघून बोलत होते. रंगावरून मात्र थेट एकमेकांशी वाद घालायला लागले. मी पेन खाली ठेवलं.

शेवटी एका पानाचं टिपण केलं, दोघांच्याच शब्दांत. त्यात गडगा आहे, ताडपत्रीही आहे. त्याचं पहिलं वाक्य, "अबोला आमच्या वाडीत आला तेव्हा वाटणी अर्धवट राहिली होती." थोरल्यांनी एक दुरुस्ती सांगितली: "वाट बंद झाली" खोडून "मी वाट बंद केली" लिहा. हे टिपण कोर्टात जात नाही. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं, २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही तसं आहे. तडजोडीचा कागद वेगळा: गडग्यात ये-जा करायला बेडं, पंप एकच, पाळी एक दिवसाआड, वीजबिल निम्मं-निम्मं.

वाटणीचा प्रश्न यात सुटलेला नाही, त्याला मोजणी लागेल. मारहाण किंवा धाक असेल तिथे ही पद्धत मी वापरत नाही. मारणाऱ्याचा हात अबोल्याच्या नावावर टाकता येत नाही.